बर्टच्या ट्रेनिंगमध्ये अर्धी मेहनत शून्यांवर: विकिपीडिया ५१२ चं प्रकरण

ट्रान्सफॉर्मर ट्रेन करताना पॅडिंगवर, म्हणजे छोट्या सिक्वेन्स एका लांबीच्या करायला मागे जोडलेल्या शून्यांवर, वेळ जातो हे सगळेच म्हणतात, पण किती जातो, नेमका कुठे जातो आणि तो वाचवायला गेलं की काय काय बिघडतं, हे एका खऱ्या उदाहरणावर नीट बघायला मिळत नाही. म्हणून इथे एकच प्रकरण घेतोय, बर्टचं. बर्ट हे गुगलचं २०१८ चं भाषेचं मॉडेल, त्याचं प्री-ट्रेनिंग दोन टप्प्यांत झालं, सुरुवातीच्या ९० टक्के स्टेप्स १२८ टोकन लांबीच्या आणि शेवटच्या १० टक्के स्टेप्स ५१२ लांबीच्या. आपल्याला बघायचाय तो हा दुसरा टप्पा.

२०२१ मध्ये ग्राफकोर या चिप कंपनीतल्या मारियो क्रेल, मतेय कोसेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकिपीडियाच्या या ५१२ वाल्या डेटाचा हिस्टोग्राम काढून बघितला. म्हणजे किती सिक्वेन्स ५ टोकनच्या, किती ६ च्या, असं करत ५१२ पर्यंत. सुमारे १.६ कोटी सिक्वेन्स होत्या आणि त्यातल्या फक्त २३.५ टक्के पूर्ण ५१२ भरत होत्या. बाकीच्यांच्या शेपटीला शून्यं. सगळं मिळून जवळपास निम्मे टोकन पॅडिंगचे निघाले.

असं का होतं, तर बर्टचा डेटा बनवणारा स्क्रिप्ट एका लेखातून दुसऱ्या लेखात वाहत जात नाही. लेख संपला की उरलेला तुकडा तेवढाच राहतो, आणि विकिपीडियावर छोटे लेख भरपूर. शिवाय १० टक्के वेळा स्क्रिप्ट मुद्दाम छोटी लांबी निवडतो, मॉडेलला छोट्या मजकुराचीही सवय व्हावी म्हणून. आणि मग ही शून्यं ट्रेनिंगच्या वेळी नाही तर डेटा फाइल लिहितानाच `input_ids` मध्ये भरली जातात, कारण टीपीयूला ठरलेल्या आकाराचे टेन्सर हवे असतात. म्हणजे फाइल उघडाल तर वाया जाणारं काम आधीच लिहून ठेवलेलं असतं.

इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो की मास्क आहे ना, मग पॅडिंगवर काम होतच नाही. होतं. मास्क काय करतो तर अटेंशनच्या स्कोअरमध्ये पॅडिंगच्या जागी -10000 मिळवतो, म्हणजे सॉफ्टमॅक्सनंतर ते वजन शून्य होतं. पण स्कोअर काढून झालेला असतो, क्वेरी-की-व्हॅल्यूचे गुणाकार झालेले असतात, फीडफॉरवर्डमधून ते पॅडिंगचं टोकन खऱ्या टोकनइतकंच काम करून बाहेर पडलेलं असतं, आणि हे बर्ट-लार्जच्या २४ च्या २४ लेयरमध्ये. जीपीयूचा वापर स्क्रीनवर १०० टक्के दिसतो, आणि ते खोटंही नसतं, फक्त तो शून्यांवर राबत असतो. म्हणून वापराचा आकडा बघून हे कधीच कळणार नाही, सेकंदाला किती *खरे* टोकन गेले हे वेगळं मोजायला लागतं, आणि लॉगमधला टोकनचा वेग पॅडिंग धरून दाखवलाय का ते आधी तपासायचं.

वाया जाणाऱ्या कामात सगळ्यात मोठा वाटा कुणाचा, हा हिशोब एकदा करून बघाच, कारण पुढचे निर्णय त्यावरच ठरतात. एका लेयरमध्ये एका टोकनमागे लिनियर थरांचं काम साधारण 24·d², आणि अटेंशनच्या गुणाकारांचं काम 4·n·d. d म्हणजे मॉडेलची रुंदी, n म्हणजे सिक्वेन्सची लांबी. दोघांचं प्रमाण निघतं n/(6d). बर्ट-लार्जमध्ये d = 1024, n = 512, म्हणजे ५१२ भागिले ६१४४, एक द्वादशांश. अटेंशन वर्गाच्या हिशोबानं वाढतं हे ऐकून ऐकून आपल्याला वाटतं की सगळा खर्च तिथेच आहे, पण या प्रकरणात तरी खर्च लिनियर थरांत आहे. त्यामुळे बॅचमधल्या ५१२ लांबीच्या रांगा कमी करता आल्या की बहुतेक फायदा पदरात पडला, अटेंशनमध्ये थोडं वाया गेलं तरी चालतंय.

आता आठ सिक्वेन्स घेऊन हातानं करून बघू. लांब्या मी उदाहरणासाठी निवडल्यात: ५१२, ५००, ३००, २३०, २१०, १३०, ९०, ६०. खरे टोकन एकूण २०३२. सगळ्यांना ५१२ पर्यंत पॅड केलं तर ८ रांगा, ४०९६ जागा, म्हणजे ५०.४ टक्के वाया. विकिपीडियासारखीच अवस्था.

पहिला सोपा उपाय म्हणजे प्रत्येक बॅच तिच्यातल्या सगळ्यात लांब सिक्वेन्सइतकीच पॅड करायची. चार-चारच्या बॅच रँडम पाडल्या, एकीत ५१२, ६०, १३०, ३०० आणि दुसरीत ५००, ९०, २१०, २३०. जागा लागल्या २०४८ अधिक २०००, म्हणजे ४०४८. जवळजवळ काहीच वाचलं नाही! एक लांब सिक्वेन्स बॅचमध्ये आली की बाकी तिघींना तिच्यामागे फरपटावं लागतं, आणि बॅच जितकी मोठी तितकी अशी एखादी लांब सिक्वेन्स सापडण्याची शक्यता जास्त. इथे तर दर चारातली जवळपास एक पूर्ण ५१२ आहे, त्यामुळे ३२ च्या रँडम बॅचमध्ये ती नसणं जवळजवळ अशक्यच.

म्हणून बकेटिंग. लांबीनं लावून घ्यायचं आणि मग तोडायचं: ६०, ९०, १३०, २१० ची एक बॅच, २३०, ३००, ५००, ५१२ ची दुसरी. आता जागा ८४० अधिक २०४८, एकूण २८८८, वाया २९.६ टक्के. आणि हे फक्त आठ सिक्वेन्सवर, डेटा मोठा असेल तर एकाच लांबीच्या शेजारी शेजारी हजारो असतात आणि वाया जाणं अजून खूप कमी होतं. कोडमध्ये करायचं म्हणजे फक्त सॅम्पलर बदलायचा, मॉडेलला हातही लावायचा नाही. हा बकेटिंगचा खरा मोठेपणा आहे आणि फाइन-ट्यूनिंगच्या छोट्या कामाला मी आजही आधी हेच करून बघतो.

पण यात दोन गोष्टी आतून पोखरतात. एक तर बॅचचं वजन सारखं राहत नाही, पहिली बॅच ८४० टोकनची आणि दुसरी २०४८ ची. छोट्या बॅचवर जीपीयू अर्धपोटी राहतो आणि अनेक जीपीयू असतील तर ज्याच्याकडे लांब बॅच गेली त्याच्यासाठी बाकी सगळे ग्रेडियंट जुळवायला थांबून राहतात, म्हणजे पॅडिंग वाचवलं आणि तेवढाच वेळ वाट बघण्यात घालवला. यावर उपाय म्हणजे बॅच सिक्वेन्सच्या संख्येनं नाही तर टोकनच्या कोट्यानं भरायची, आणि एका स्टेपला सगळ्या जीपीयूंना एकाच बकेटमधलं द्यायचं. दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. लांबी ही मजकुराशी बांधलेली असते, विकिपीडियात छोटी सिक्वेन्स म्हणजे बऱ्याचदा चार ओळींचा गावाचा नाहीतर खेळाडूचा लेख. बॅचभर एकाच लांबीच्या सिक्वेन्स म्हणजे बॅचभर एकाच जातीचा मजकूर, आणि मग ग्रेडियंट एका स्टेपला इकडे ओढतो, दुसऱ्या स्टेपला तिकडे. लॉसच्या रेषेत करवतीसारखे दात दिसायला लागले की आधी इथे शंका घ्यायची. म्हणूनच हगिंग फेसच्या `group_by_length` मध्ये अख्खा डेटा सॉर्ट करत नाहीत, आधी सगळं मिसळतात, मग बॅचच्या ५० पट एवढा मोठा घास घेऊन फक्त त्याच्या आत लांबीनं लावतात. आणि त्यातली सगळ्यात लांब सिक्वेन्स मुद्दाम पहिल्या बॅचमध्ये आणून ठेवतात, मेमरी फुटायची असेल तर पहिल्याच मिनिटात फुटावी, रात्री तीन वाजता नाही.

बर्टच्या प्रकरणात बकेटिंगवर भागलं नाही कारण ठरलेल्या आकारावर कंपाइल होणाऱ्या हार्डवेअरला प्रत्येक बकेटसाठी वेगळा प्रोग्राम लागतो, बकेट पाच-सहाच ठेवली तर प्रत्येकीच्या आत पुन्हा पॅडिंग. म्हणून क्रेल आणि मंडळींनी पॅकिंग घेतलं: रांग ५१२ चीच ठेवायची, पण तिच्यात दोन-तीन सिक्वेन्स शेजारी शेजारी बसवायच्या.

आपल्याच आठ सिक्वेन्स बसवून बघा. मोठ्यापासून छोट्याकडे जायचं, आणि प्रत्येक सिक्वेन्स अशा रांगेत टाकायची जिथे ती बसल्यावर सगळ्यात कमी जागा उरेल. ५१२ एकटी, ५०० एकटी, ३०० ची नवीन रांग, २३० तिच्यात मावत नाही म्हणून अजून एक. २१० मात्र ३०० च्या शेजारी बसते, ५१० झाले. मग १३०, ९०, ६० एकामागून एक २३० च्या रांगेत, तेही ५१०. चार रांगा, २०४८ जागा, वाया फक्त १६, म्हणजे ०.८ टक्के. आठच्या चार रांगा झाल्या, काम निम्म्यावर.

नियम उलटा करून बघा म्हणजे गंमत कळेल: जिथे सगळ्यात जास्त जागा रिकामी तिथे टाकायचं. आता २१० जाते २३० कडे, १३० जाते ३०० कडे, आणि ९० ला कुठेच जागा उरत नाही, पाचवी रांग उघडायला लागते. वाया २०.६ टक्के. एवढ्याशा डेटात नियमाचा फरक इतका पडतो. पण १.६ कोटी सिक्वेन्स असल्या की सगळ्या लांब्यांचा साठा एवढा असतो की प्रत्येक फटीला मापाचा तुकडा मिळतोच, आणि त्यांनी खरं तर हा दुसराच नियम एका पद्धतीत वापरला आणि तरी छान चाललं.

त्यांची खरी युक्ती वेगळीच होती आणि मला ती फार आवडते. पेट्यांत सामान बसवण्याचं हे कोडं सर्वसाधारणपणे फार अवघड, कोट्यवधी वस्तूंना तर हातही लावायला नको वाटेल. पण इथे वस्तूंच्या मापांत ५१२ च प्रकार शक्य आहेत! मग एकेका सिक्वेन्सचा विचार करायचाच कशाला, हिस्टोग्रामवर काम करायचं: २१० च्या इतक्या, ३०० च्या इतक्या, त्यांच्या जोड्या इतक्या. एका रांगेत जास्तीत जास्त तीन असं बंधन घातलं तर बेरीज बरोबर ५१२ येणारे गट होतात फक्त २२,१०२. कुठला गट किती वेळा वापरायचा हे लीस्ट स्क्वेअर्सनं सोडवता येतं. या मार्गानं ९९ टक्क्यांच्या वर जागा खऱ्या टोकननी भरल्या आणि ट्रेनिंगचा वेग जवळपास दुप्पट झाला.

इथपर्यंत सगळं गोड वाटतं. पण नुसत्या चिकटवून टाकलेल्या सिक्वेन्स म्हणजे वेगळंच मॉडेल ट्रेन करणं आहे, आणि एरर येत नाही हेच वाईट. तीन ठिकाणी दुरुस्ती लागते.

पहिली जागा पोझिशन. बर्टमध्ये जागांचे एम्बेडिंग शिकलेले असतात, ० ते ५११. आपल्या चौथ्या रांगेत ६० टोकनची सिक्वेन्स ४५० पासून सुरू होते, म्हणजे दुरुस्ती केली नाही तर मॉडेलला वाटेल की हे एखाद्या लांब मजकुराचं टोक आहे. म्हणून प्रत्येक सिक्वेन्सला `position_ids` पुन्हा ० पासून.

दुसरी जागा अटेंशन. एका लेखाच्या शब्दानं शेजारच्या लेखाकडे बघता कामा नये. मास्क चौकोनी तुकड्यांचा होतो, कर्णावर ठोकळे आणि बाकी सगळं बंद:

```python
seg = torch.tensor([1]*230 + [2]*130 + [3]*90 + [4]*60 + [0]*2)
mask = seg[:, None] == seg[None, :]
```

इथे एक खाच आहे. उरलेल्या दोन पॅडिंगच्या जागांना कोणाकडेच बघू द्यायचं नाही असं पुष्कळ जण करतात, मग त्या ओळीत सगळे स्कोअर उणे अनंत होतात आणि सॉफ्टमॅक्समधून `nan` बाहेर पडतो, आणि एक `nan` अख्खा लॉस खातो. वरच्या कोडमध्ये पॅडिंग पॅडिंगकडे बघतं, खऱ्या टोकनकडे नाही, खरे टोकनही त्याच्याकडे नाहीत, कुणाचं काही बिघडत नाही. आणि हा `seg` म्हणजे बर्टचा `token_type_ids` नव्हे हं, तो वाक्य अ आणि वाक्य ब वेगळं दाखवायला असतो, तो जसा होता तसाच ठेवायचा.

तिसरी जागा लॉस, आणि बर्टमध्ये इथेच सगळ्यात जास्त काम पडतं. पुढचं वाक्य खरंच पुढचं आहे का, हे ओळखण्याचं काम प्रत्येक सिक्वेन्सच्या `[CLS]` वरून होतं, आणि मूळ कोड फक्त ० क्रमांकाची जागा उचलतो. तीन सिक्वेन्स पॅक केलेल्या रांगेत `[CLS]` तीन असतात, त्यातल्या दोघांचं शिकणं गुपचूप गळून जाईल आणि लॉस तरीही खाली येत राहील. सगळ्या `[CLS]` च्या जागा डेटाबरोबर पाठवायला लागतात, रांगेत दोनच असतील तर तिसऱ्याचं वजन शून्य.

झाकलेल्या शब्दांचंही तसंच. ५१२ साठी रांगेमागे जास्तीत जास्त ७६ शब्द झाकायची मर्यादा प्रचलित आहे. पण १७१, १७१ आणि १७० अशा तीन सिक्वेन्स पॅक केल्या तर १५ टक्क्यांनी प्रत्येकीत २६ होतात, पूर्णांकात बदलण्यामुळे, एकूण ७८. दोन शब्द बाहेर. मर्यादा थोडी सैल ठेवली नाही तर पॅक करणारा कोड एकतर आदळेल किंवा, त्याहून वाईट, शेवटचे दोन कापून टाकेल.

आणि सरासरी. मूळ बर्ट कोडमध्ये झाकलेल्या शब्दांचा लॉस अख्ख्या बॅचमधल्या झाकलेल्या शब्दांच्या संख्येनं भागतात, रांगेच्या संख्येनं नाही. तुम्ही आधी रांगेरांगेची सरासरी काढून मग त्यांची सरासरी काढली तर गच्च भरलेल्या रांगेतल्या शब्दांचं वजन घटतं. ग्रेडियंट अ‍ॅक्युम्युलेशन करताना हीच चूक वेगळ्या कपड्यांत येते, प्रत्येक मायक्रोबॅच स्वतःची सरासरी काढते आणि मग त्यांची सरासरी. भाजक नेहमी पूर्ण स्टेपचा धरायचा.

हे सगळं बरोबर झालंय का हे कसं कळणार? लॉसच्या रेषेवर विसंबू नका. ड्रॉपआउट बंद करून एक सिक्वेन्स एकटी चालवा, मग तीच पॅक केलेल्या रांगेत तिसऱ्या जागी ठेवून चालवा, आउटपुट फ्लोटच्या चुकीइतकाच वेगळा यायला पाहिजे. मग पहिल्या सिक्वेन्समधला एक शब्द बदला, तिसरीचं आउटपुट हललं तर मास्क गळतोय. पहिली चाचणी पोझिशनही पकडते, दुसरी फक्त गळती, म्हणून दोन्ही करायच्या. पाच मिनिटांचं काम आहे.

एक गोष्ट ट्रेनिंग सुरू केल्यावरच लक्षात येते. आधी बॅच २५६ रांगांची असेल तर त्यात २५६ सिक्वेन्स होत्या, आता त्याच रांगांत सुमारे ५१२. म्हणजे न सांगता बॅच दुप्पट झाली आणि एका फेरीतल्या स्टेप्स निम्म्या, आणि जुना लर्निंग रेट तसाच ठेवला की "पॅकिंगनं मॉडेल बिघडलं" असा निष्कर्ष निघतो. सरळ मार्ग म्हणजे रांगा १२८ करायच्या, मग प्रत्येक स्टेपला जवळपास पूर्वीइतक्याच सिक्वेन्स, आणि शिकण्याची रेषा जुन्या रेषेवर बसते. मोठी बॅचच ठेवायची असेल तर ऑप्टिमायझरचे बीटा पॅकिंगच्या पटीच्या घातानं बदलायचे, पट २ असेल तर β₁ च्या जागी β₁², β₂ च्या जागी β₂², असं त्या मंडळींनी सुचवलंय.

मास्कवाल्या पद्धतीत रांगेचं पूर्ण ५१२ × ५१२ अटेंशन काढून मग बराचसा भाग फेकला जातो. इथे तो खर्च द्वादशांशाच्या आत आहे म्हणून खपतो. पण रुंदी ४०९६ आणि लांबी ८१९२ घ्या, तेच प्रमाण एक तृतीयांश होतं, मग खपत नाही. तिथे `flash_attn_varlen_func` सारखं काहीतरी लागतं, त्याला मास्क द्यायचाच नाही, सिक्वेन्स कुठे सुरू होतात ते द्यायचं, आपल्या चौथ्या रांगेसाठी `[0, 230, 360, 450, 510]`, आणि ते ठोकळ्यांबाहेरचं काही काढतच नाही. जीपीटी-३ मध्ये तर वेगळे लेख एकाच रांगेत घालून मध्ये फक्त समाप्तीचं टोकन ठेवलं होतं, मास्क नव्हताच, आणि लामा ३ वाल्यांनी मास्क लावला पण त्यांना नेहमीच्या प्री-ट्रेनिंगमध्ये फरक थोडाच दिसला, खूप लांब सिक्वेन्सवर मात्र तो महत्त्वाचा ठरला. बर्टसारखं वाक्याच्या जोडीवर निर्णय घेणारं काम असेल तर मी तरी मास्कशिवाय जाणार नाही.

हाच सगळा खटाटोप मराठी विकिपीडियावर करायचा असेल तर इंग्रजीचा पॅकिंगचा आराखडा उचलून आणू नका. बहुभाषिक बर्टचा टोकनायझर १०४ भाषांत वाटला गेलाय, त्यामुळे "शेतकऱ्यांसाठीसुद्धा" सारख्या शब्दाचे बरेच तुकडे पडतात आणि त्याच अर्थाचा मजकूर ५१२ ची रांग लवकर भरतो. उलट फार छोटे लेखही आपल्याकडे आहेतच. टोकनायझर बदलला, डेटा बदलला की आधी `input_mask` ची बेरीज करून नवीन हिस्टोग्राम काढायचा, आणि पॅडिंग १०-१५ टक्केच निघालं तर पॅकिंगमध्ये न पडता `group_by_length` लावून ट्रेनिंग सुरू करायचं.